वसमतची हळद, जपानचा खरेदीदार आणि भाव नसलेले पत्र

आखाती देशांतल्या आणि बांगलादेशातल्या व्यापाऱ्यांना आमच्याकडून जे पत्र जाते, त्यात पहिल्या दोन ओळींतच सगळा मामला असतो. सेलम जातीचे पॉलिश केलेले हळकुंड, इतके टक्के ओलावा, न्हावाशेवा बंदरापर्यंत टनाला इतके डॉलर, किमान एक कंटेनर, भाव सात दिवसांपुरता. दुबईचा व्यापारी तासाभरात व्हॉट्सॲपवर उलटा आकडा टाकतो, दोन्हीकडून चार वेळा ताणले जाते आणि संध्याकाळपर्यंत सौदा होतो किंवा मोडतो. या पद्धतीत वाईट काही नाही, कारण ज्याला माल लगेच पुढे विकायचा आहे त्याला आधी भावच कळायला हवा. मात्र हेच पत्र जपानमधल्या मसाला कंपन्यांना पाठवल्यावर त्याला होकार येत नसे आणि नकारही येत नसे. वसमतजवळच्या आमच्या हळद प्रक्रिया कारखान्याचा परदेशी पत्रव्यवहार माझ्याकडे असल्यामुळे या शांततेचे कारण शोधण्याचे काम ओघाने माझ्याकडेच आले.

कारण समजले ते वाळूजच्या एका निवृत्त व्यवस्थापकांकडून. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात त्यांची बरीच वर्षे जपानी भागीदारांबरोबर गेली होती, आणि ते आमच्या काकांचे जुने स्नेही होते. मी त्यांना आमचे पत्र दाखवले. त्यांनी ते वाचून विचारले, "हे पत्र ज्याच्या हातात पडेल, तो पुढे ते कुणाला दाखवणार?" मग त्यांनी तिथली रीत समजावून सांगितली. जपानी कंपनीत नव्या पुरवठादाराकडून माल घ्यायचा, तर खरेदी विभागातला माणूस एकट्याने ठरवत नाही. त्याला प्रस्तावाचा कागद तयार करावा लागतो, तो गुणवत्ता विभाग, गोदाम, हिशेब विभाग असा फिरतो, प्रत्येकाचा शिक्का त्यावर पडतो, आणि पुढे काही बिघडले तर तो कागद मांडणाऱ्याकडे बोट दाखवले जाते. अशा माणसाला अनोळखी गावाहून सात दिवसांच्या मुदतीचा भाव आला, तर त्याला तो भाव स्वस्त आहे की महाग हे पाहण्याचेही कारण उरत नाही, कारण सात दिवसांत तो कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावरही गेलेला नसतो. शिवाय मुदतीचा भाव देणारा माणूस आज आहे, उद्या नसेल, असाही त्याचा समज होतो.

पत्राची मांडणी बदलायची ठरल्यावर पहिला प्रश्न आला तो आमचे पत्र त्यांच्यापर्यंत कुणामार्फत जावे हा. थेट पाठवलेल्या पत्रापेक्षा कुणा ओळखीच्या माणसाने करून दिलेली ओळख तिथे फार मोलाची असते, परंतु ती ओळख फुकट नसते, हे आधी लक्षात घ्यावे लागते. वाळूजच्या साहेबांनी त्यांच्या जुन्या सहकाऱ्यामार्फत ओसाका भागातल्या एका मध्यम आकाराच्या मसाला कंपनीकडे आमचे नाव पोहोचवले, तेव्हा आमच्या वागण्याची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली होती. म्हणून त्या कंपनीशी झालेल्या प्रत्येक महत्त्वाच्या पत्राचा गोषवारा आम्ही त्यांना कळवत राहिलो, आणि तीच ओळख दाखवून दुसऱ्या जपानी कंपनीचे दार ठोठावण्याचा मोह टाळला. ज्यांना असा मध्यस्थ मिळत नाही त्यांनी जपान सरकारच्या जेट्रो या व्यापार संस्थेच्या मुंबई कार्यालयाकडे चौकशी करावी किंवा दरवर्षी मार्चमध्ये तोक्यो परिसरात भरणाऱ्या फूडेक्स प्रदर्शनातून सुरुवात करावी. वाट लांबची आहे, पण आहे.

नवे पहिले पत्र दीड पानाचे झाले आणि त्यात भाव कुठेच नव्हता. सुरुवातीला ओळख करून देणाऱ्याचे नाव, मग कारखाना कधीपासून आहे, कोण चालवतो, हळद कोणत्या गावांतून येते, शेतकरी ती कशी शिजवतात आणि किती दिवस वाळवतात, याची साधी माहिती होती. वसमत हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, हे आम्ही लिहिले, पण त्याचा डांगोरा पिटला नाही; कोणत्या मातीतला माल आहे हे कळावे एवढाच हेतू होता. पत्राला जोडून एका पानावर कंपनीची ओळख दिली. जपानी कंपन्यांच्या अशा पानावर स्थापनेचे वर्ष, भांडवल, कामगारांची संख्या, प्रमुखाचे नाव, बँक आणि मुख्य ग्राहक हे सगळे ठरलेल्या क्रमाने असते आणि वाचणारा तेच शोधतो. काका आधी याला तयार नव्हते. भांडवल आणि बँक परक्याला कशाला सांगायची, असा त्यांचा सवाल होता, आणि मोंढ्यात उमेदवारी केलेल्या माणसाने तो करणे साहजिकच होते. अखेर आकडे खरे आणि लहान आहेत तसेच दिले. शेवटच्या परिच्छेदात एवढेच लिहिले की आपल्याला सोयीचे असेल तेव्हा नमुना पाठवू, आणि आपल्या काही शंका असतील तर त्यांची उत्तरे देऊ.

उत्तर आले ते प्रश्नांच्या यादीच्या रूपात, आणि माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेचा गाभा तो आहे. उकळायला पाणी विहिरीचे की बोअरचे, त्याची तपासणी केव्हा झाली, वाळवण जमिनीवर होते की ताडपत्रीवर, पॉलिशच्या ढोलात रंग किंवा हळदपूड टाकता का, धातुशोधक यंत्र आहे का, गोदामात कीड लागू नये म्हणून काय वापरता. यात किंमतीचा एकही प्रश्न नव्हता, त्यामुळे घरात अशी शंका निघाली की ही मंडळी नुसती माहिती गोळा करत आहेत. प्रत्यक्षात हे प्रश्न म्हणजे त्या फिरणाऱ्या कागदाची तयारी असते. आम्ही प्रत्येक प्रश्नाला त्यांचाच क्रमांक ठेवून उत्तर दिले, आणि जे माहीत नव्हते तिथे "प्रयोगशाळेचा अहवाल गुरुवारी येईल, तेव्हा कळवतो" असे लिहून गुरुवारीच कळवले. जपानचे घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास असते, म्हणजे त्यांचे सहा वाजता सुटणारे कार्यालय आपल्या अडीचलाच बंद होते. त्याच दिवशी उत्तर पोहोचवायचे तर ते जेवणाच्या सुट्टीआधी गेले पाहिजे, हे वेळापत्रक आम्ही कारखान्यात भिंतीवर लावून टाकले.

दोन उत्तरांमुळे गाडी पुढे सरकली असे मला वाटते. पहिले निर्जंतुकीकरणाबद्दल होते. आपल्याकडचे अनेक मसाला निर्यातदार वाशीच्या विकिरण केंद्रातून माल काढून घेतात आणि ती सोय अभिमानाने सांगतात. जपानमध्ये मात्र बटाट्याला मोड येऊ नयेत म्हणून केलेले विकिरण सोडले तर खाद्यपदार्थांवर विकिरणाला परवानगी नाही. आम्ही आपणहून लिहिले की हा माल विकिरण केलेला नसेल आणि गरज असल्यास वाफेने निर्जंतुक करून देऊ. दुसरे उत्तर कीटकनाशकांच्या अवशेषांबद्दलचे होते. जपानमध्ये मे 2006 पासून असा नियम आहे की ज्या औषधाची मर्यादा त्या पदार्थासाठी वेगळी ठरवलेली नाही, त्याला सरसकट 0.01 पीपीएम ही मर्यादा लागते. एका किलोत एका ग्रॅमचा एक लाखावा भाग म्हणजे शेजारच्या शेतातल्या फवाऱ्याचा शिडकावाही आडवा येऊ शकतो. आम्ही अहवाल पाठवला, पण त्याबरोबर हेही लिहिले की हा अहवाल ठरावीक शेतकऱ्यांच्या वेगळ्या ठेवलेल्या मालाचा आहे आणि बाजारातल्या बिटातून घेतलेल्या मालाबद्दल अशी खात्री आम्ही देऊ शकत नाही. आपल्या मालाची मर्यादा आपणच सांगावी का, यावर घरात बराच खल झाला. पण पुढच्या पत्रात त्यांनी त्या ठरावीक शेतकऱ्यांची गावे विचारली.

नमुन्याबाबतही आपली रीत बदलावी लागली. अडतीवर नमुना दाखवायचा तो पोत्यातले चार देखणे, लांब हळकुंड वर काढून. समोरचाही ते जाणून असतो आणि मनातल्या मनात वजावट करतो. तिकडे नमुना म्हणजे लेखी वचन धरले जाते. म्हणून आम्ही वेगवेगळ्या पोत्यांतून बंबीने माल काढला, एकत्र मिसळला, त्याचे तीन सारखे भाग केले, एक तिकडे पाठवला, एक प्रयोगशाळेत दिला आणि तिसरा तारीख व सही घालून सीलबंद करून ठेवला. नमुन्यात काही आखूड, तुटके हळकुंडही होते, आणि त्यांचे प्रमाण आम्ही सोबतच्या चिठ्ठीत लिहून टाकले.

त्यांचे दोघे जण फेब्रुवारीत वसमतला आले, तेव्हा शिवारात हळद शिजत होती. नांदेडहून येताना रस्त्याच्या कडेला वाळवण पसरलेले दिसले की ते गाडी थांबवायला सांगत. आमच्या वाळवणाच्या जागेवर त्यांच्यातला गुणवत्ता विभागाचा माणूस ताडपत्रीच्या कडेशी बसला, त्याने कड उचलून खालची माती पाहिली, मग एक हळकुंड मोडून त्याचा आवाज ऐकला. नीट वाळलेले हळकुंड टणक आवाज करून तुटते, हे त्याला ठाऊक होते. शेळ्या आणि कुत्री रात्री आत येऊ नयेत म्हणून काय करता, असे त्याने विचारले. राखणदार आजोबांनी आपली काठी दाखवली, तेव्हा सगळेच हसले, पण त्याने वहीत काहीतरी लिहिले. नंतरच्या पत्रात कुंपणाबद्दल सौम्य शब्दांत सूचना आली आणि आम्ही तारेचे कुंपण घालून त्याचा फोटो पाठवला.

दुपारी घरी जेवण होते. ज्वारीची भाकरी, वरण, कमी तिखटाची भाजी. जेवताना काकांची चुळबुळ चालली होती. ते मला हळूच म्हणाले, "एवढ्या लांबून आलेत, अन् भावाचं एक अक्षर नाही. आपणच काढावा का विषय?"

मी म्हणालो, "काका, आज नको. ते विचारतील तेव्हा सांगू."

वाळूजच्या साहेबांनी ते ऐकले आणि काकांना समजावले, "उद्या तिकडे गेल्यावर यांना आपल्या लोकांना सांगावं लागेल की माणसं कशी आहेत, जागा कशी आहे. ते झालं की भाव आपोआप येतो." काकांनी मग शेतीचा विषय काढला. पाहुण्यांपैकी ज्येष्ठ गृहस्थांच्या वडिलांची चहाची बाग होती, असे त्यातून निघाले, आणि उरलेला तासभर दुभाष्याला जेवायलाही फुरसत मिळाली नाही. निघताना आम्ही दोघांना हिमरूचा एकेक लहान रुमाल दिला. भारी भेट दिली की तिची परतफेड कशी करायची या विचाराने माणूस अवघडतो, म्हणून ती मुद्दामच साधी ठेवली होती.

भावपत्रकाची मागणी त्यानंतर काही आठवड्यांनी लेखी आली, आणि खरा बदल इथे करावा लागला. त्यांना सहा महिने न बदलणारा भाव हवा होता. वसमतच्या बाजारात हळदीचा भाव रोज हलतो. सहा महिन्यांचा भाव बांधून देणे म्हणजे अडत्याच्या दृष्टीने जुगार. तो जुगार होऊ नये यासाठी हंगामातच माल घेऊन ठेवावा लागतो आणि ठेवण्याचा खर्च भावात धरावा लागतो. हिशेब समजावा म्हणून सोपे आकडे घेतो. समजा वाळलेली हळद क्विंटलला 14,000 रुपयांनी, म्हणजे किलोला 140 रुपयांनी घेतली. पॉलिश आणि निवडीत सहा टक्के घट गेली, तर हातात आलेला किलो 149 रुपयांना पडतो. प्रक्रिया, तपासणी, पॅकिंग आणि बंदरापर्यंतची वाहतूक मिळून 18 रुपये धरले, तर 167 होतात. सात दिवसांच्या भावात एवढ्यावर नफा चढवून भागते. सहा महिन्यांच्या भावात मात्र 149 रुपयांवरचे व्याज येते. सगळा माल सहा महिने पडून राहत नाही, तो खेपांमध्ये जातो. त्यामुळे सरासरी साडेतीन महिने आणि वर्षाला दहा टक्के व्याज धरले, तर किलोला चार रुपये पस्तीस पैसे आणि गोदाम व विमा मिळून पाऊण रुपयाच्या आत, म्हणजे एकूण सुमारे पाच रुपये. भाव 172 पासून सुरू झाला. डॉलरच्या चढउताराची जोखीम बँकेशी आगाऊ करार करून वेगळी बांधली. भावपत्रकाबरोबर भावात काय काय धरले आहे आणि तो कोणत्या तारखेपर्यंत बदलणार नाही, याचे एक पान जोडले.

त्यावर पुन्हा शांतता पसरली, आणि काकांनी सुचवले की टनामागे थोडे कमी करतो असे कळवावे. आपल्या बाजारात हे शहाणपणाचे ठरले असते. तिथे मात्र न मागता भाव उतरवला, तर पहिल्या पानावर मांडलेला हिशेब खोटा होता असा अर्थ निघतो, आणि ज्याने तो कागद सहकाऱ्यांपुढे फिरवला त्याची पंचाईत होते. आम्ही फक्त पेरणीआधीच्या पावसाचे आणि साठवलेल्या मालाचे वर्तमान कळवले. शांतता जिवंत आहे की मेली, हे ओळखण्याची एक खूण मला एव्हाना कळली होती. "विचार करून कळवू" असे गोड उत्तर येऊन पुढे काहीच आले नाही, तर तो बहुधा नकार असतो आणि त्याला वारंवार टोचू नये. उलट एखादा किरकोळ, कंटाळवाणा प्रश्न आला तर कागद फिरतो आहे असे समजावे. आमच्याकडे प्रश्न आला तो पॅलेटची उंची किती असेल हा. पाठोपाठ चाचणीपुरती छोटी मागणी आली.

त्या छोट्या खेपेतल्या एका पोत्यात सुतळीचा तुकडा सापडला. असे झाले की इकडे थोडी सूट देऊन विषय मिटवतात, आणि तसे पत्र मी लिहायलाही घेतले होते. वाळूजच्या साहेबांनी ते थांबवले. त्या कंपनीला सूट नको होती. सुतळी आली कुठून आणि पुन्हा येणार नाही यासाठी काय केले, एवढे दोन प्रश्न त्यांच्या गुणवत्ता विभागाचे होते. आम्ही मालाचा प्रवास मागे जाऊन तपासला. निवडीच्या टेबलाशेजारी तागाची जुनी पोती कापून उघडली जात होती, आणि तिथूनच धागा पडला होता. पोती उघडण्याची जागा भिंतीपलीकडे हलवली, कापण्याऐवजी टाका उसवण्याची पद्धत घातली, आधीची आणि नंतरची छायाचित्रे जोडली आणि हे काम कुणाच्या देखरेखीखाली चालते तेही लिहिले. या अहवालानंतर पहिला पूर्ण कंटेनर गेला, आणि त्याच्या भावात त्यांनी काही कपात मागितली नाही.

या मार्गाला एक मर्यादा आहे, ती भांडवलाची. हंगामात माल उचलून ठेवण्याइतका पैसा किंवा बँकेची मर्यादा नसेल, तर सहा महिन्यांचा भाव देऊच नये. बाजार चढल्यावर शब्द फिरवण्यापेक्षा सुरुवातीलाच लहान प्रमाण कबूल करणे बरे. दुसरी अडचण माणसांच्या बदल्यांची. जपानी कंपन्यांचे आर्थिक वर्ष आपल्यासारखेच एप्रिलला सुरू होते आणि बदल्याही बहुधा त्याच सुमारास होतात. वसमतला आलेले ज्येष्ठ गृहस्थ दुसऱ्या विभागात गेले, पण जाण्यापूर्वी त्यांनी नव्या माणसाची ओळख लेखी करून दिली. नव्या गृहस्थांनी पाण्यापासून कुंपणापर्यंतचे तेच प्रश्न पुन्हा विचारले. आम्ही जुनी उत्तरे तारखांसह नव्याने पाठवली, बदललेल्या गोष्टी वेगळ्या दाखवल्या, आणि त्या वर्षीच्या हंगामाचे वर्तमान जोडले. त्यांच्या दुसऱ्या पत्रात पुढच्या सहा महिन्यांचा भाव विचारलेला होता.